जिभेवर ठेवलेली कॅप्सूल

कॅप्सूल उघडायला काही लागत नाही. दोन बोटांत धरून हलकेच पिळली की जिलेटिनची टोपी सरकते आणि आतली पांढरी भुकटी तळहातावर पडते. त्यातली चिमूटभर जिभेवर ठेवली की झालं. आंबट लागली तर ती ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सी. आंबट न लागता किंचित गोडसर लागली तर दुधातली साखर, लॅक्टोज.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथे काही माणसांनी नेमकं हेच केलं. ती अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची, म्हणजे ‘एनआयएच’ची कर्मचारी मंडळी होती. सर्दीवरच्या एका चाचणीत ती स्वखुशीने सामील झाली होती आणि आपल्याला मिळणारी कॅप्सूल खरी की खोटी हे त्यांना कळू नये अशी योजना होती. चाचणीचा सगळा डोलारा त्या न कळण्यावर उभा होता. सर्दीच्या औषधांच्या इतिहासात ती चाखलेली चिमूट मला फार मोलाची वाटते. छोट्या अभ्यासात गुण देणारं औषध पुढे का पडतं, याचं एक मोठं कारण तिच्यात दडलेलं आहे. पण ते एकमेव कारण नव्हे, म्हणून गोष्ट जरा आधीपासून सांगायला हवी.

ती सुरू होते स्वित्झर्लंडमधल्या बर्फात. बाझलचे डॉक्टर गुंटर रिट्झेल यांनी १९६१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्कीइंगच्या शिबिरांना आलेल्या २७९ मुलांपैकी १३९ जणांना रोज एक ग्रॅम व्हिटॅमिन सी देण्यात आलं आणि उरलेल्या १४० जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. अशा गोळीला प्लासिबो म्हणतात. शिबिरं जेमतेम आठवड्याची होती. व्हिटॅमिनच्या गटात सर्दीच्या १७ नोंदी झाल्या आणि प्लासिबोच्या गटात ३१. फरक डोळ्यांत भरणारा होता, तरी हा जर्मन भाषेतला लेख बरीच वर्षं वैद्यकीय नियतकालिकाच्या पानांतच राहिला.

त्याला जगापुढे आणलं लायनस पॉलिंग यांनी. रसायनशास्त्राचं नोबेल १९५४ सालचं आणि शांततेचं १९६२ सालचं, अशी दोन नोबेल एकट्याच्या नावावर असलेला हा माणूस होता. १९६६ साली न्यूयॉर्कमधल्या एका भाषणात त्यांनी आणखी काही वर्षं जगून विज्ञानाची प्रगती बघायची इच्छा बोलून दाखवली. त्यानंतर अर्विन स्टोन नावाच्या जीवरसायनतज्ज्ञाने त्यांना पत्र लिहून भरपूर व्हिटॅमिन सी घेण्याचा सल्ला दिला. पॉलिंग आणि त्यांच्या पत्नीने तो पाळला. आपल्याला वारंवार छळणारी सर्दी कमी झाली असा पॉलिंग यांचा अनुभव होता. १९७० साली त्यांचं ‘व्हिटॅमिन सी अँड द कॉमन कोल्ड’ हे पुस्तक आलं आणि अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत त्या गोळ्यांवर लोकांची झुंबड उडाली.

पॉलिंग केवळ स्वतःच्या अनुभवावर बोलत नव्हते. त्यांनी जुने अभ्यास शोधून काढले, त्यांतले आकडे पुन्हा मांडले, आणि त्यांचा सर्वांत भक्कम आधार होता तो रिट्झेल यांच्या शिबिरांचा. तिथे औषध देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही गोळी कोणती हे माहीत नव्हतं. तेव्हा पॉलिंग यांनी पुरावा बघितलाच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. प्रश्न होता तो त्या पुराव्यातून काय काय काढता येतं, याचा.

१७ आणि ३१ हे आकडे जरा जवळून बघू. दोन्ही गट जवळजवळ सारखे मोठे आहेत आणि सर्दीच्या एकूण नोंदी ४८. व्हिटॅमिनचा काहीच उपयोग नसता, तर प्रत्येक सर्दी या गटात पडते की त्या गटात हे निव्वळ नशिबावर ठरलं असतं, नाणं उडवावं तसं. ४८ वेळा नाणं उडवलं तर प्रत्येक वेळी २४ छापे आणि २४ काटे पडत नाहीत. १७ आणि ३१ इतकी किंवा त्याहून जास्त तफावत साधारण पंधरा-वीस खेपांत एकदा आपोआप पडते. हे काही फार दुर्मीळ म्हणता येणार नाही. आणखी एका बाजूने बघा. व्हिटॅमिनच्या गटात पाच सर्द्या जास्त झाल्या असत्या आणि दुसऱ्या गटात पाच कमी, तर आकडे २२ आणि २६ झाले असते आणि त्या लेखाकडे कुणी वळूनही बघितलं नसतं.

छोट्या अभ्यासाची खरी मेख इथे आहे. सर्दीवर जगभर किती छोटे छोटे प्रयोग होत असतील, त्यांचा हिशेब कुणाकडेच नसतो. ज्यांच्यात फरक दिसत नाही ते टेबलाच्या खणात पडून राहतात आणि ज्याच्यात नशिबाने किंवा खरोखरच मोठा फरक दिसला तो छापून येतो, उद्धृत होतो, पुस्तकात जातो. आपल्यापर्यंत येईपर्यंत त्याची अशी निवड होऊन गेलेली असते. त्यामुळे तोच प्रयोग पुन्हा, जास्त माणसांवर केला की फरक आक्रसतो. पहिल्या वेळी औषधाच्या गुणात नशिबाचीही भर पडलेली असते, दुसऱ्या वेळी ती पडेलच असं नाही.

टोरांटोत असंच झालं. तिथले संशोधक टेरेन्स अँडरसन पॉलिंग यांच्या दाव्याकडे साशंक नजरेने बघत होते आणि काही निष्पन्न होणार नाही अशीच त्यांची अपेक्षा होती. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ८१८ स्वयंसेवक होते. रोज एक ग्रॅम, आणि आजारी पडल्यावर पहिले तीन दिवस चार ग्रॅम, अशी मात्रा होती. सर्दी होण्याच्या प्रमाणात थोडाच फरक पडला, पण आजारपणामुळे घरी बसण्याचे दिवस मात्र व्हिटॅमिनच्या गटात सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाले. अँडरसन यांनी स्वतःच्या अपेक्षेविरुद्ध आलेला हा आकडा जसाच्या तसा छापला, याचं मला कौतुक वाटतं. मग त्यांनी दुसरी, आणखी मोठी चाचणी घेतली. तिच्यात दोन हजारांहून जास्त माणसं आठ गटांत विभागली होती आणि त्यांतल्या दोन गटांना फक्त प्लासिबो होता. १९७४ साली निकाल आला तेव्हा ते ३० टक्के पुन्हा दिसले नाहीत. आणि ज्या दोन गटांना काहीच औषध नव्हतं त्या दोघांचेही आकडे आपसात जुळले नाहीत. एकच खोटी गोळी घेणाऱ्या शेकडो माणसांच्या दोन गटांत इतका फरक पडू शकतो, तर औषधाच्या गटातल्या थोड्या फरकाचं श्रेय औषधाला द्यायचं की नाही, हे ठरवणं किती अवघड होतं ते यावरून ध्यानात यावं.

आता बेथेस्डाकडे परत. एनआयएचमधल्या या चाचणीत ३११ कर्मचारी होते. थॉमस कार्लोव्स्की हे अहवालाचे पहिले लेखक आणि संस्थेच्या रुग्णालयाचे प्रमुख असलेले थॉमस चामर्स हे त्यातले ज्येष्ठ. नऊ महिने रोज कॅप्सूल घ्यायच्या होत्या. चार गट होते. एका गटाला रोज तीन ग्रॅम व्हिटॅमिन सी आणि सर्दी झाल्यावर वर आणखी तीन ग्रॅम, दुसऱ्याला फक्त रोजची मात्रा खरी, तिसऱ्याला फक्त सर्दीच्या वेळची खरी आणि चौथ्याला दोन्ही वेळा लॅक्टोज. रचना मोठी देखणी होती. व्हिटॅमिन सी सर्दी अडवतं का आणि आलेली सर्दी लवकर घालवतं का, हे दोन्ही प्रश्न एकदमच तपासता येणार होते.

नऊ महिन्यांनी १९० जण उरले होते. बाकीचे १२१ मध्येच गळाले. सर्द्यांच्या संख्येत सांगण्यासारखा फरक नव्हता. पण सर्दी किती दिवस टिकली याचे आकडे बघून कुणालाही वाटलं असतं की पॉलिंग जिंकले. दोन्ही वेळा लॅक्टोज घेणाऱ्यांची सर्दी सरासरी ७.१४ दिवस चालली. एकाच वेळची मात्रा खरी असलेल्या मधल्या दोन गटांची साडेसहा दिवसांच्या आसपास. दोन्ही वेळा व्हिटॅमिन घेणाऱ्यांची ५.९२ दिवस. मात्रा वाढत जाते तशी सर्दी आखूड होत जाते. औषधशास्त्रात अशी पायऱ्यापायऱ्यांची उतरण दिसली की औषध खरंच काम करतंय असं मानायचा संशोधकांचा कल असतो.

मात्र संशोधकांनी आणखी एक गोष्ट केली. शेवटी त्यांनी सगळ्यांना विचारलं, की तुम्हाला काय मिळत होतं असं वाटतं? १०२ जणांनी अंदाज सांगितला. नुसता कौल लावला असता तर त्यांतले सुमारे ५१ बरोबर निघाले असते. निघाले ७९. काही जणांनी कॅप्सूल उघडून चाखल्याचं कबूलही केलं. आणि मग अंदाज बांधता न आलेल्यांचे आकडे वेगळे काढून बघितले, तर व्हिटॅमिनमुळे पडलेला फरक दिसेनासा झाला. फरक होता तो आपण काय घेतोय हे ओळखलेल्यांत. व्हिटॅमिन मिळतंय हे ओळखलेल्यांची सर्दी आखूड नोंदली गेली होती, आणि आपल्याला साखर दिली जातेय हे ओळखलेल्यांची लांब.

इथे प्लासिबोचा परिणाम म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला हवं, कारण लोक त्याला मनाचा चमत्कार म्हणून मोकळे होतात. सर्दी मोजण्याचं यंत्र नाही. ती संपली हे कोण ठरवतं? ज्याला झाली आहे तो. नाक अजून थोडं चोंदलेलं आहे, सकाळी उठल्यावर दोन शिंका येतात, घसा जरा खवखवतो. याला सर्दी म्हणायचं की बरा झालो म्हणायचं? आपण औषध घेतोय हे ठाऊक असलेला माणूस सहाव्या दिवशी ‘संपली’ असं लिहितो. आपल्याला साखर दिली हे कळलेला जरासा चिडलेला माणूस त्याच नाकाविषयी आठव्या दिवशीही ‘आहे’ असं लिहितो. दोघंही खोटं बोलत नाहीत. सरासरीत एका दिवसाचा फरक पडायला एवढं पुरतं. त्यात व्हिटॅमिनच्या गटातली आशा जेवढी होती, तेवढीच साखरेच्या गटातली निराशाही होती.

कार्लोव्स्की आणि सहकाऱ्यांचा अहवाल १९७५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला आणि ‘व्हिटॅमिन सी म्हणजे प्लासिबो’ हे वाक्य पुढची वीस वर्षं पाठ्यपुस्तकांत मुरलं. इथेच थांबलो तर गोष्ट फार सोयीची होईल. पण हेल्सिंकीचे हॅरी हेमिला यांनी १९९६ साली हा अहवाल पुन्हा तपासला आणि एक टोचणारा प्रश्न विचारला. अंदाज शेवटी विचारला होता ना? मग लवकर बरं वाटलं म्हणून ‘मला व्हिटॅमिन मिळालं असणार’ असं कुणी म्हटलं नसेल कशावरून? म्हणजे काही जणांच्या बाबतीत अंदाजामुळे सर्दी आखूड झाली नसेल, आखूड सर्दीमुळे अंदाज बरोबर आला असेल. शिवाय अंदाज करणारे बाजूला काढले की उरणारी माणसं थोडी, आणि थोड्या माणसांत फरक दिसला नाही म्हणजे तो नव्हताच असं होत नाही. छोट्या अभ्यासावरून जो आक्षेप आपण पॉलिंग यांच्यावर घेतो, तोच इथे उलट्या दिशेने लागू पडतो. मला हेमिलांचा हा मुद्दा पटतो. बेथेस्डाची चाचणी व्हिटॅमिनचा गुण खोटा ठरवत नाही. त्या चाचणीत गुण आणि आशा यांना वेगळं करता येत नव्हतं, इतकंच ती दाखवते.

वेगळं करायचं तर अंधता, म्हणजे कुणाला काय मिळतंय हे न कळणं, नीट राखावी लागते आणि ती राखली गेली का हे मध्येच, गुण येण्याआधी विचारावं लागतं. चामर्स यांनी हा धडा मनावर घेतला. १९८१ साली त्यांनी चाचण्यांचा दर्जा जोखण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात अंधता तपासली होती का, हा प्रश्न होताच.

पुढे असंख्य चाचण्या झाल्या आणि २०१३ साली हेमिला आणि एलिझाबेथ चॉकर यांनी कोक्रेन संस्थेसाठी त्या एकत्र करून बघितल्या. अकरा हजारांहून अधिक माणसांच्या २९ तुलना. सर्वसाधारण लोकांनी रोज व्हिटॅमिन सी घेतलं तरी सर्दी होण्याचं प्रमाण जवळजवळ तितकंच राहिलं. रोज घेणाऱ्यांची सर्दी मोठ्यांत सुमारे ८ टक्क्यांनी आणि मुलांत सुमारे १४ टक्क्यांनी आखूड झाली. सात दिवसांच्या सर्दीचे ८ टक्के म्हणजे जेमतेम तेरा-चौदा तास. आणि सर्दी सुरू झाल्यावर घेतलं तर खात्रीचा फायदा दिसला नाही.

त्याच आढाव्यात पाच चाचण्या मात्र वेगळ्या निघाल्या. ५९८ माणसं, आणि ती सगळी अंगाचा कस लावणारी: मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत कवायती करणारे सैनिक आणि स्कीइंग करणारे. त्यांच्यात सर्दीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. या पाचांत रिट्झेल यांची ती मुलं आहेत.

म्हणजे १७ आणि ३१ हे आकडे निव्वळ नशिबाचे नसावेत. बर्फात दिवसभर दमलेल्या मुलांना, आधीपासून रोज दिलेल्या ग्रॅमभर व्हिटॅमिनचा बहुधा खरोखरच उपयोग झाला होता. चूक झाली ती त्या मुलांवरून ऑफिसात बसणाऱ्या, बसने घरी जाणाऱ्या आणि नाक वाहायला लागल्यावर गोळी शोधणाऱ्या कोट्यवधी माणसांविषयी निष्कर्ष काढण्यात. औषध तेच राहिलं, पण घेणारी माणसं बदलली, घेण्याची वेळ बदलली. पुढच्या चाचण्यांनी वेगळाच प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर वेगळं आलं.

आणि आशेचं काय? तिचंही वजन नंतर एकदा नीट करून बघितलं गेलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ब्रूस बॅरेट आणि सहकाऱ्यांनी सर्दी नुकतीच सुरू झालेले ७१९ जण घेतले. औषध होतं एकिनेशिया, तिकडे सर्दीवर घरोघरी घेतली जाणारी वनस्पती. एका गटाला गोळीच दिली नाही. दुसऱ्याला प्लासिबो, तिसऱ्याला एकिनेशिया, पण या दोघांनाही काय मिळतंय ते सांगितलं नाही. चौथ्याला एकिनेशिया दिली आणि तसं सांगितलंही. बहुतेक चाचण्यांत गोळीच न दिलेला गट नसतो. त्यामुळे प्लासिबो घेणारे बरे झाले ते प्लासिबोने की सर्दी आपणहून जातेच म्हणून, हे कळत नाही. इथे ते कळणार होतं.

२०११ साली निकाल आला. गोळी न घेतलेल्यांची सर्दी सरासरी ७.०३ दिवस, प्लासिबोवाल्यांची ६.८७. फरक चार तासांचा, म्हणजे नसल्यासारखाच. नाकातलं पाणी तपासून दाहाची जी चिन्हं मोजली, त्यांतही गटागटांत ठोस फरक नव्हता. पण सुरुवातीलाच सगळ्यांना विचारून ठेवलं होतं, की एकिनेशिया गुणकारी आहे असं तुम्हाला शंभरापैकी किती वाटतं? ज्यांनी ५० पेक्षा जास्त गुण दिले होते त्यांच्यापुरतं बघितलं, तर गोळी न मिळालेल्यांपेक्षा प्लासिबो मिळालेल्यांची सर्दी २.५८ दिवसांनी आखूड होती. विश्वास गोळी देण्याआधीच नोंदलेला होता, त्यामुळे हेमिलांचा आक्षेप इथे लागत नाही. मात्र हाही मोठ्या चाचणीतला एक छोटा तुकडा आहे. अशी माणसं फक्त १२० होती आणि तीही चार गटांत वाटली गेलेली. १७ आणि ३१ विषयी जी सावधगिरी बाळगली, ती या २.५८ विषयीही बाळगायला हवी.

या अडीच दिवसांचं एक वाचन असंही करता येतं, की ज्याचा औषधावर विश्वास आहे आणि ज्याला ते मिळालं नाही, त्याने आपली सर्दी जरा जास्त दिवस मोजली असेल. बेथेस्डात साखर ओळखलेल्या माणसांनी केलं होतं, तसंच.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात सर्दीच्या दिवसांत व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या नारंगी गोळ्या मागणारा माणूस बहुधा सर्दीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी येतो, म्हणजे नाक सर्वांत जास्त वाहत असताना. त्यानंतर ते ओसरणारच असतं. गोळी गोड-आंबट असते, चव लपवलेली नसते. रिट्झेल यांच्या शिबिरातल्या मुलांना ती सर्दी होण्याआधीपासून मिळत होती, आणि ती कोणती हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.